एका सहलीचा एक फोटो

सहलीत काढलेल्या ढीगभर फोटोंमधून एकच निवडायचा झाला, तर तीन गोष्टी पाहाव्यात असे सांगण्याची पद्धत आहे. फोटोत काही गोष्ट घडते आहे का, त्यातली भावना पाहणाऱ्यापर्यंत पोहोचते का आणि तो तांत्रिकदृष्ट्या नीट आला आहे का. या तिन्ही कसोट्या मला मान्य आहेत. अडचण येते ती त्यांचा हिशोब कसा मांडायचा इथे. छायाचित्रस्पर्धांमध्ये परीक्षक पुष्कळदा प्रत्येक कसोटीला गुण देतात आणि शेवटी बेरीज करतात. समोर शेकडो अनोळखी लोकांचे फोटो असतात आणि त्यांची क्रमवारी लावायचीच असते, म्हणून त्यांना ते सोयीचे पडते. घरच्या निवडीत मात्र ही बेरीज हमखास फसवते. एका फोटोला तंत्रासाठी नऊ, गोष्टीसाठी चार आणि भावनेसाठी पाच गुण दिले, दुसऱ्याला तंत्रासाठी पाच, गोष्टीसाठी सहा आणि भावनेसाठी सात दिले, तर दोघांचेही अठराच होतात. त्या दोन फोटोंमध्ये भिंतीवर वर्षानुवर्षे पाहावासा कोणता वाटेल, हे तो अठराचा आकडा सांगू शकत नाही.

म्हणून मी गुण देत नाही. फोटोत गोष्ट आणि भावना नेमक्या कोणत्या जागी आहेत ते मी आधी शोधते आणि मग तांत्रिक दोष कुठे पडला आहे ते पाहते. ज्या जागेवर गोष्ट उभी आहे तिथेच दोष पडला असेल तर तो फोटो बाजूला ठेवावा लागतो. दोष इतरत्र कुठे असेल तर बहुतेक वेळा तो सोसता येतो, कधी कापून काढता येतो, आणि कधी तर तो तसाच राहू द्यावा असेही वाटते. गेल्या सप्टेंबरात आम्ही सांगलीहून सातारा भागात फिरायला गेलो होतो, त्या सहलीचा एक फोटो निवडताना हे सगळे मला पुन्हा नीट तपासून पाहता आले. आई, ताई, ताईची सात वर्षांची मुलगी आणि मी अशा चौघीजणी होतो. कास पठार, वाईजवळचे मेणवली आणि साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर एवढाच आमचा बेत होता.

कासचा फोटो पहिल्या नजरेत सगळ्यांवर मात करत होता. पुढच्या भागात तेरड्याचा जांभळा गालिचा, त्यात मध्येमध्ये सोनकीचे पिवळे ठिपके, गेंदाची पांढरी बोंडे आणि मागे खाली उतरलेला ढग. भरपूर उजेड असल्याने शटरचा वेग जास्त ठेवता आला होता, त्यामुळे वारा असूनही पाकळ्या स्थिर आल्या होत्या. ढगाच्या पांढऱ्या भागातही छटा शिल्लक होत्या. तो फोटो मोठा करून पाहिला तरी त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. तरीही तो मी सर्वांत आधी बाजूला काढला. त्या दिवशी पठारावर आलेल्या कितीतरी लोकांच्या फोनमध्ये जवळपास तसाच फोटो असणार. पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांच्या यादीत २०१२ साली कासचा समावेश झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून तेरडा तिथे असाच फुलतो आहे. त्या फोटोतले सौंदर्य पठाराचे होते. आमच्या सहलीत तिथे काय घडले, याचे उत्तर त्यात कुठेही नव्हते.

मेणवलीच्या फोटोने मात्र मला बराच वेळ अडवून धरले. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट, सकाळचे तिरपे ऊन आणि पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेली आई. जवळच मेणेश्वराच्या देवळापाशी टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा आहे, १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर इकडे आलेली. तीही फोटोच्या वरच्या कोपऱ्यात थोडी दिसत होती. हा फोटो पाहताना माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी चालू होत्या. घंटेचा इतिहास मला ठाऊक होता, आणि आईचे बालपण कृष्णाकाठी गेले हेही ठाऊक होते. त्या पायरीवर बसून ती तिच्या आईबद्दल बोलत होती, ते मी ऐकले होते. पण यातले फोटोत काहीच आलेले नव्हते. फोटोत एक वयस्कर बाई घाटावर बसली होती आणि कोपऱ्यात धातूचा एक काळपट आकार होता.

सहलीचे फोटो निवडताना मला सर्वांत कठीण वाटते ते हेच. फोटो काढणाऱ्याला त्या क्षणाचा आवाज, वास, आधीचे बोलणे आणि नंतरचे हसणे असे सगळेच आठवत असते, आणि तो हे सगळे फोटोत आहे असे समजून चालतो. चढ चढून, पावसात भिजून किंवा तासभर वाट पाहून मिळवलेला फोटो म्हणूनच आपल्याला आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. यावर मला दोनच उपाय ठाऊक आहेत. पहिला म्हणजे घरी आल्या आल्या निवडायला न बसणे. दोन-तीन आठवडे जाऊ दिले की आठवणीचा जोर थोडा ओसरतो आणि फोटोत खरोखर काय आहे ते दिसू लागते. दुसरा उपाय म्हणजे सहलीला न आलेल्या माणसाला तो दाखवणे, आणि दाखवताना तोंडातून एक अक्षरही न काढणे.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांचा पूर्वी स्वतःचा फोटो स्टुडिओ होता, आणि रीळ धुण्यापासून प्रिंटवर ब्रशने डाग बुजवण्यापर्यंत सगळी कामे त्यांनी हाताने केलेली आहेत. मी निवडक फोटोंच्या साध्या, लहान प्रती काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी मेणवलीचा फोटो हातात घेतला आणि मला विचारले, "यात काय चाललंय, सांग बघू." मी घंटेविषयी सांगायला लागताच त्यांनी हात वर केला. "घंटेचं राहू दे पोरी. ते तू सांगितल्यावर मला कळलं. फोटोनं काय सांगितलं?" मला उत्तर सुचले नाही. ज्या फोटोची गोष्ट त्याच्याखाली लिहावी लागते, त्याची गोष्ट त्या लिहिण्यात असते. असा फोटो वाईट ठरत नाही. वर्तमानपत्रांत आणि घरच्या अल्बममध्ये अशा फोटोंना स्वतःची जागा असते. पण एकच ठेवायचा असेल, तर जो स्वतःच्या बळावर उभा राहू शकेल तोच ठेवावा, असे मला वाटते.

लिंबच्या विहिरीत काढलेले फोटो निराळे होते, आणि खरी निवड तिथेच होती.

ही विहीर ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. शके १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. वरून पाहिले तर तिचा आकार शिवलिंगासारखा दिसतो. अष्टकोनी मुख्य विहीर, तिच्याकडे उतरणारा रुंद जिना आणि दोहोंच्या मध्ये दगडी बांधणीचा छोटा महाल अशी तिची रचना आहे. महालात भर दुपारीही अंधारलेलेच असते, आणि विहिरीच्या बाजूने येणारा उजेड मात्र प्रखर असतो. कॅमेऱ्यासाठी ही अवघड जागा आहे. डोळ्याला आतला काळोख आणि बाहेरचा उजेड दोन्ही जवळजवळ एकाच वेळी दिसतात, सेन्सरला मात्र त्यांपैकी एकाची बाजू घ्यावी लागते. आतल्या माणसांप्रमाणे उजेड मोजला तर बाहेरची भिंत पांढरीफटक होते, आणि बाहेरच्या भिंतीप्रमाणे मोजला तर माणसांच्या नुसत्या सावल्या उरतात.

भाची तिथल्या कमानीपाशी गेली, दगडी कठड्यावर दोन्ही हात टेकवले आणि खालचे पाणी पाहण्यासाठी वाकली. आई तिच्या मागे उभी होती. तिने काही न बोलता पोरीच्या झग्याची पाठ मुठीत पकडली. हे सगळे काही क्षणांत घडले. मी बाजूला भिंतीशी उभी होते आणि फोनवर एकापाठोपाठ एक फोटो घेत होते. घरी पाहिले तेव्हा त्यांतले तीन विचारात घेण्यासारखे निघाले.

पहिल्यात भाची नुकतीच वाकते आहे आणि आईचा हात तिच्याकडे निघालेला आहे, पण अजून पोहोचलेला नाही. सगळे अगदी स्पष्ट आहे. दुसऱ्यात मूठ आवळलेली आहे, झग्याला चुण्या पडल्या आहेत आणि भाची पूर्ण वाकून खाली पाहते आहे. तिचे केस आणि डोके किंचित हललेले आहेत, कमानीबाहेरचा भाग पांढरा पडला आहे आणि उजव्या कडेने ताईच्या ओढणीचे टोक आत आले आहे. तिसऱ्यात भाचीला फोटो काढला जातो आहे हे कळले आहे, तिने मान वळवली आहे आणि ती माझ्याकडे पाहून हसते आहे. मूठ तशीच आहे, चेहरा लखलखीत आहे आणि एकही भाग हललेला नाही.

ताईने एका क्षणात तिसरा निवडला. "किती गोड आलीये! हाच दे मला," ती म्हणाली. आई म्हणून तिचे बरोबरच होते, आणि गुणांची बेरीज केली असती तरी तिसराच जिंकला असता, कारण हसरा चेहरा, स्पष्टता आणि मूठ अशा तिन्ही गोष्टी त्यात होत्या. पण भाचीने कॅमेऱ्याकडे पाहिले त्या क्षणी विहीर संपली. दुसऱ्या फोटोत तिचे सगळे लक्ष खालच्या पाण्याकडे आहे आणि आईचे सगळे लक्ष तिच्याकडे. कुतूहल आणि काळजी या दोन गोष्टी त्या एका मुठीने जोडल्या आहेत. पाहणाऱ्याला विहीर किती खोल असेल असा प्रश्न पडतो, पुढे ती आणखी वाकेल का असाही पडतो. तिसऱ्या फोटोत हे प्रश्न पडत नाहीत, कारण वाकणे आधीच थांबलेले आहे. पहिल्या फोटोतला निघालेला हातही बोलका आहे, पण तो आधार द्यायला निघाला आहे की नुसता खांद्यावर ठेवायला, हे तिथे अजून ठरलेले नाही.

म्हणजे गोष्ट आणि भावना मुठीत आणि वाकण्यात आहेत, एवढे पक्के झाले. आता दुसऱ्या फोटोतले दोष कुठे पडले आहेत ते पाहायचे होते.

आधी हललेल्या भागाचे पाहिले. फोटो अस्पष्ट येण्याची तीन निरनिराळी कारणे असतात, आणि फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहिला तर ती ओळखता येतात. कॅमेरा हलला असेल तर दगड, भिंत, माणसे असे सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे दिसते. फोकस चुकला असेल तर हवा होता तो भाग मऊ आणि पुढचा किंवा मागचा दुसराच कुठला तरी भाग करकरीत स्पष्ट दिसतो. फक्त माणूस हलला असेल तर आजूबाजूचे स्थिर दगड स्वच्छ राहतात आणि तेवढाच भाग पुसट होतो. माझ्या फोटोत कमानीच्या दगडावरची छिन्नीची खूण दिसत होती आणि आईच्या मुठीवरच्या शिराही दिसत होत्या. पुसट होते ते फक्त भाचीचे केस आणि कपाळाचा थोडा भाग. अंधारामुळे शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतके उघडे राहिले होते, आणि तेवढ्या वेळात मूल स्थिर राहत नाही. कॅमेरा हलल्यामुळे मूठच पुसट झाली असती, तर हा फोटो मी ठेवला नसता. इथे हललेले डोके वाकण्याची क्रिया चालू असल्याचे सांगते, आणि तो दोष गोष्टीच्या बाजूने काम करतो आहे.

पांढऱ्या पडलेल्या भागाचे उत्तर याहून थोडे कडवे होते. अंधारा भाग नंतर थोडा उजळता येतो, फक्त त्यात दाणे वाढतात. पण जिथे सेन्सर उजेडाने पूर्ण भरून गेला तिथे कोणताच तपशील नोंदलेला नसतो, आणि नंतर कितीही गडद केले तरी तिथे नुसता सपाट राखाडी रंग मिळतो. विहिरीची समोरची भिंत तिथून कशी दिसत होती हे या फोटोतून कायमचे गेले. मला त्याची हळहळ वाटली, कारण ते बांधकाम सुंदर आहे. पण कमानीची कड शाबूत होती, बाहेर उजेड आणि आत काळोख हा भेद स्पष्ट होता, आणि ही माणसे एका उंच, उघड्या कडेशी उभी आहेत एवढे कळायला तो पुरेसा होता. विहिरीच्या स्थापत्याची नोंद करायची असती तर हाच दोष घातक ठरला असता.

ओढणीचे टोक काकांनी सोडवले. त्यांनी कपाटातून काटकोनात कापलेले दोन काळे पुठ्ठे काढले, फोटोवर एकमेकांसमोर ठेवून चौकट केली आणि ती हळूहळू लहान करत नेली. उजवीकडून ओढणी गेली. डावीकडूनही थोडी भिंत गेली, तेव्हा मूठ चौकटीच्या मध्यापासून किंचित बाजूला आली आणि नजर आधी तिथे जाऊ लागली. त्यांनी आणखी आत नेले तेव्हा कमानीचा वरचा बाक कापला गेला आणि ती साधी खिडकी वाटू लागली. "इथं थांबायचं," म्हणत त्यांनी पुठ्ठे परत थोडे मागे घेतले. संगणकावर हेच काम बोटाने होते, पण पुठ्ठ्यांनी करताना प्रत्येक कडेचा स्वतंत्र विचार होतो, म्हणून मला ही जुनी पद्धत आवडते.

तिथे मला अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र आठवत होते. १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात निपोमोजवळ, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, त्यांनी एका आईचे आणि तिच्या मुलांचे एकामागून एक काही फोटो काढले. काहींत अख्खी राहुटी आणि आजूबाजूचे सामान दिसते. जगाने लक्षात ठेवला तो जवळून घेतलेला फोटो, ज्यात दोन मुलांनी तोंडे फिरवून आईच्या खांद्यांत लपवली आहेत आणि आईचा हात गालापाशी आहे. गरिबीचा पुरावा दूरच्या फोटोंत अधिक होता, आणि तरीही निवड जवळच्या फोटोची झाली. त्याच फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात राहुटीचा खांब धरलेला एक अंगठा आला होता. लँग यांना तो इतका खटकला की पुढे त्यांनी निगेटिव्हवर तो पुसट करून घेतला, आणि ज्या सरकारी प्रकल्पासाठी हे काम होते त्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांना हा फेरफार रुचला नाही. अंगठा असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रती आज पाहायला मिळतात. मी त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत, आणि दोन्ही वेळा माझी नजर आईच्या कपाळावरच्या आठ्यांवरच गेली. दोष कोपऱ्यात होता, गोष्ट चेहऱ्यावर होती.

शेवटचा प्रश्न दाण्यांचा होता. अंधारात सेन्सरचा संकेत वाढवावा लागतो आणि त्याबरोबर काळ्या भागात रंगीत कण उमटतात. ते घालवणारी सोय हल्ली प्रत्येक फोनमध्ये आणि संगणकावर असते. मी ती थोडी वापरून पाहिली. भिंत गुळगुळीत झाली खरी, पण आईच्या हातावरच्या सुरकुत्याही गुळगुळीत झाल्या, कारण बारीक सुरकुती आणि दाणा यांतला फरक त्या प्रक्रियेला नीट करता येत नाही. मूठ ही जर फोटोची मुख्य जागा असेल, तर तिच्यावरची एकही रेघ मला गमवायची नव्हती. रंगांचे कण मी कमी केले, उजेडाचे दाणे तसेच राहू दिले. हातभर अंतरावरून पाहताना ते कळतही नाहीत.

मग मी तो फोटो पुन्हा एकदा नखाएवढा लहान करून पाहिला, कारण लहान आकारात तपशील जातात आणि फक्त रचना उरते. उजळ कमान, तिच्यापुढे वाकलेला छोटा आकार, त्यामागे उभा आकार आणि दोघांना जोडणारी आडवी रेघ. तेवढ्यातही काय चालले आहे ते कळत होते. त्याच आकारात कासचा फोटो नुसता रंगांचा पट्टा दिसत होता आणि मेणवलीच्या फोटोत आई शोधावी लागत होती.

आठ बाय बाराच्या आकारात मी त्याची प्रत काढून घेतली. चकचकीत कागदावर काळ्या भागात खोलीतल्या दिव्याचे प्रतिबिंब पडते, म्हणून कागद मॅट घेतला. ताईला तिसरा फोटो हवा होता, तिला तो दिला. आईला दोन्हींशी काही देणेघेणे नव्हते. तिने घाटावरचा फोटो मागून घेतला, आणि त्याच्यामागे पेन्सिलने मेणवली आणि तिच्या आईचे नाव लिहून ठेवले.